लहान मुलांच्या केशकर्तनाचा कोपरा: नागपुरात आधी कोणता अर्ज भरायचा?

समजा, सक्करदऱ्यात तुमचं दोन खुर्च्यांचं दुकान आहे आणि तिसरी, उंच बैठकीची खुर्ची टाकून मुलांचे केस कापायचे, वाढदिवसाच्या आणि तान्ह्या पोळ्याच्या वेळी सजवून द्यायचं, असा बेत आहे. अशा वेळी बहुतेक जण सरळ बँकेत मुद्रा कर्ज मागायला जातात. माझ्या मते तिथेच गडबड होते.

पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत नाभिक व्यवसाय आहे. पण गेल्या 5 वर्षांत मुद्रा घेतलं असेल आणि ते पूर्ण फेडलेलं नसेल, तर या योजनेत अपात्र ठरता. म्हणून आधी विश्वकर्मा. वय 18 पूर्ण हवं, स्वतःच्या हातांनी हे काम आधीपासून करत असायला हवं, आणि पती, पत्नी व अविवाहित मुलं मिळून एकाच व्यक्तीला लाभ मिळतो. घरात कुणी सरकारी नोकरीत असेल तर अर्ज चालत नाही.

अर्ज सीएससी केंद्रावर अंगठा देऊन होतो. आधार, त्याला जोडलेला मोबाइल, बँक पासबुक आणि रेशनकार्ड न्या. रेशनकार्ड नसेल तर घरातल्या सगळ्यांची आधारकार्डं लागतात. शहरात पहिली पडताळणी महापालिकेच्या स्तरावर होते. मग 5 ते 7 दिवसांचं प्रशिक्षण, रोज 500 रुपये भत्ता, अवजारांसाठी 15,000 रुपयांचं ई-व्हाउचर, आणि 5 टक्के व्याजाने 1 लाखापर्यंत कर्ज.

ते 18 महिन्यांत फेडायचं, म्हणजे पूर्ण लाखाचा हप्ता सुमारे 5,780 रुपये. मुलाच्या कटिंगचे 120 घेतले आणि ब्लेड, टिश्यू, धुतलेला कपडा यांत 20 गेले, तर महिन्याला 58 मुलं झाली की हप्ता निघतो. आठवड्याची सुट्टी धरूनही हे रोज दोन-तीन मुलांचं काम. त्यामुळे 250 रुपयांचा दर लावून आईबापांना पळवायची गरज नाही. सजावटीचे दर मात्र वेगळे, आधीच फलकावर लिहा.

दुकान नवीन असेल तर सुरू केल्यापासून 60 दिवसांत कामगार विभागाकडे ऑनलाइन सूचना द्यावी लागते. 20 पेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी नाही, एवढी सूचनाच पुरते. पाटी मराठीत, देवनागरीत हवी. दुसऱ्या भाषेतली अक्षरं तिच्यापेक्षा मोठी चालत नाहीत, हे ‘किड्स सलून’ रंगवून घेण्याआधी लक्षात ठेवा.

आता जावळाचं. बाळाची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत मऊ असते, म्हणून वस्तरा नको, झिरो ट्रिमर वापरा. पातं दोन-तीन मिनिटांनी स्वतःच्या मनगटाला लावून पाहा, तापलं असेल तर थांबा. बाळ रडून अंग टाकायला लागलं तर अर्धं जावळ तसंच ठेवून दुसऱ्या दिवशी बोलवा, पैसे एकदाच घ्या. सजावटीत काळी मेंदी लावूच नका: तिच्यात केसांच्या रंगातलं पीपीडी हे रसायन असू शकतं, त्याने मुलांच्या हाताला फोड येतात.