भाव भडकतो तेव्हा मोडीचे सोने किती बाहेर येते?

फेब्रुवारी 2009 मध्ये सोन्याचा जागतिक भाव औंसाला सुमारे 1,000 डॉलरवर पोहोचला. त्याआधी नोव्हेंबर 2008 मध्ये तो 750 डॉलरखाली होता, आणि त्याच काळात रुपयाही घसरल्यामुळे आपल्याकडे दहा ग्रॅमचा भाव काही महिन्यांतच बारा हजारांच्या आसपासहून पंधरा हजारांपलीकडे गेला. सराफी पेढ्यांवर नवे दागिने घेणारे कमी आणि जुने मोडायला आणणारे जास्त, असे चित्र दिसू लागले. आयात जवळजवळ थांबली, कारण बाजाराला लागणारे सोने घराघरांतूनच मिळत होते. त्या वर्षी जगभरात सुमारे 1,700 टन सोने वितळून पुन्हा बाजारात आले; आदल्या वर्षी हा आकडा 1,350 टनांच्या आसपास होता.

यावरून भाव वाढेल तशी मोड वाढत जाईल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात 2011 चा सरासरी भाव 2009 च्या सरासरीपेक्षा साठ टक्क्यांहून अधिक होता, तरीही मोडीचे सोने 2009 इतके आले नाही. 2024 मध्ये सरासरी भाव 23 टक्क्यांनी वाढला, तर मोड 11 टक्क्यांनी वाढून 1,370 टनांवर थांबली. भाव 2009 च्या सरासरीच्या दुपटीहून अधिक असूनही तेव्हाचा आकडा ओलांडला गेला नाही.

याचे एक कारण असे की, मोड भावाच्या उंचीपेक्षा त्याच्या उसळीला अधिक प्रतिसाद देते. घरात तुटलेली साखळी, जोडीतले हरवून उरलेले एकच कर्णफूल, कोणी घालत नाही अशी जुन्या घडणीची अंगठी असे काही डाग पडून असतात. भाव झपाट्याने वाढला की हे आधी बाहेर पडतात. पण ते एकदाच मोडता येतात. पुढच्या तेजीत हात घालावा लागतो तो अंगावरच्या किंवा लग्नासाठी राखलेल्या दागिन्यांत, आणि तिथे निर्णय सहज होत नाही. शिवाय भाव चढताच राहणार असे वाटू लागले की विकणारा थांबतो.

दुसरे कारण हिशेबाचे आहे आणि ते एका पाटल्यांच्या जोडीवर उलगडून पाहता येते. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. 22 कॅरट म्हणून घेतलेल्या पाटल्यांचे वजन 40 ग्रॅम आहे, म्हणजे कागदोपत्री त्यांत शुद्ध सोने 36.64 ग्रॅम. सराफाने त्या मुशीत वितळवल्यावर मळ जळून लगड 39.4 ग्रॅमची निघाली. टंच, म्हणजे शंभर भागांत शुद्ध सोने किती हे काढले, तर तो 88.5 आला, कारण सांध्यांना लावलेल्या डाखात सोने कमी होते. हॉलमार्क नसलेल्या जुन्या दागिन्यांत असे वरचेवर घडते. हाती शुद्ध सोने राहिले 34.87 ग्रॅम; रोखीने विकताना आणखी दोन टक्के कापले गेले की 34.17 ग्रॅमचेच पैसे मिळतात. घेताना मात्र 36.64 ग्रॅमच्या किमतीवर 12 टक्के घडणावळ आणि वर 3 टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे 42.27 ग्रॅमच्या मोलाची रक्कम मोजलेली असते. या हिशेबाने नुसती मुद्दल परत यायलाही भाव सुमारे 24 टक्के वाढावा लागतो. त्यामुळे चढ्या भावात नुकताच घेतलेला दागिना पुढच्या लहानशा तेजीत मोडीला येत नाही. आजीच्या काळातल्या डागाला हा उंबरठा कधीच मागे पडलेला असतो. तिथे अडतो तो जीव.

आकड्यांकडे पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. सोन्याची जागतिक आकडेवारी देणारी वर्ल्ड गोल्ड कौन्सिल ही संस्था रोखीने विकलेले सोनेच मोडीत धरते. जुना डाग देऊन नवा घेतला, तर तो त्या आकड्यात येत नाही. आपल्याकडे ही अदलाबदल फार मोठी आहे, कारण सराफ त्यात कपात कमी करतो किंवा सोडून देतो. त्यामुळे तेजीत पेढीवर जुन्या सोन्याचा ढीग दिसत असला, तरी त्यातला मोठा भाग आकडेवारीत कुठेच उमटत नाही.

तिसरी वाट तारणाची आहे. ऑगस्ट 2020 मध्ये भाव तेव्हाच्या उच्चांकावर असताना रिझर्व्ह बँकेने बँकांना दागिन्यांच्या मोलाच्या 75 ऐवजी 90 टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याची मुभा मार्च 2021 अखेरपर्यंत दिली. भाव वाढला की त्याच बांगड्यांवर जास्त रक्कम मिळते, मग ज्याला पैशांची नड आहे तोही विकत नाही, गहाण ठेवतो. एरवी मोडीत गेले असते असे सोने अशा वेळी तिजोरीत अडकून राहते आणि कर्ज फिटले नाही, तर लिलावातून बऱ्याच महिन्यांनी बाजारात येते. तोवर भाव खालीही आलेला असू शकतो.