मोटर चालवणारे रोहित्र आणि मोटर सुरू करणारे रोहित्र

कृष्णाकाठच्या एखाद्या उपसा सिंचन योजनेच्या जॅकवेलवर २०० किलोवॅटची, ४१५ व्होल्टची इंडक्शन मोटर बसवायची आहे असे धरू. कार्यक्षमता ९५ टक्के आणि पॉवर फॅक्टर ०.८७ असेल, तर पूर्ण भारावर ती सुमारे २४२ केव्हीए घेते. मग ३१५ केव्हीएचे रोहित्र पुरेसे वाटते, वर थोडी क्षमता शिल्लकही राहते. हा हिशेब चुकीचा नाही, पण तो फिरत असलेल्या मोटरचा आहे.

रोटर उभा असताना हीच मोटर दुय्यम वेटोळे शॉर्ट केलेल्या रोहित्रासारखी वागते आणि पूर्ण भाराच्या साधारण सहापट, म्हणजे ३३७ ऐवजी सुमारे २,००० अँपिअर प्रवाह ओढते. वेग बराच वाढेपर्यंत, म्हणजे पंपाच्या बाबतीत काही सेकंद, हा प्रवाह फारसा उतरत नाही. तेवढ्या वेळात रोहित्र तापून बिघडत नाही. खरा प्रश्न व्होल्टेज किती पडेल हा असतो, आणि ते रोहित्राच्या पाटीवरच्या इम्पीडन्सच्या टक्क्यावर अवलंबून असते.

पाटीवर ४.५ टक्के लिहिले असेल, तर रोहित्राचे शॉर्टसर्किट केव्हीए, म्हणजे टर्मिनल शॉर्ट झाले तर ते देऊ शकेल ती ताकद, ३१५ भागिले ०.०४५, अर्थात ७,०००. अकरा केव्ही लाइनचीही अशीच एक ताकद असते. ती वीज कंपनीकडून मागून घ्यावी. इथे ती ५०,००० केव्हीए मानू. दोन्ही एकामागोमाग जोडलेली असल्याने त्यांचा गुणाकार भागिले बेरीज केली की मोटरच्या वाट्याला सुमारे ६,१४० केव्हीए येतात. मोटरचे सुरुवातीचे केव्हीए २४२ च्या सहापट, म्हणजे १,४५२. पण रोहित्राचे बिनभाराचे व्होल्टेज ४३३ असल्याने व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात ते १,५८० धरावे लागतात. आता १,५८० ला, १,५८० अधिक ६,१४० या बेरजेने भागले की २०.५ टक्के घसरण मिळते. पुष्कळजण नुसते ६,१४० ने भागतात आणि घसरण जास्त काढतात, कारण व्होल्टेज पडले की मोटरचा प्रवाहही कमी होतो हे त्यात धरलेले नसते.

म्हणजे ४३३ चे ३४४ व्होल्ट झाले. शंभर मीटरच्या केबलमध्ये आणखी पंधराएक व्होल्ट जातात, आणि मोटरला ३३० च्या आसपास, म्हणजे रेटेडच्या ७९ टक्के मिळतात. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने तो ६३ टक्क्यांवर येतो. लाइनचेच व्होल्टेज दहा टक्के कमी असेल त्या वेळी पॅनेलवर ३१० व्होल्ट, म्हणजे ४१५ च्या जेमतेम ७५ टक्के उरतात. कॉन्टॅक्टरची कॉइल ८५ टक्क्यांना ओढून घेण्याची हमी असते, पण ७५ च्या खाली ती केव्हाही सोडू शकते. सोडली की प्रवाह तुटतो आणि व्होल्टेज पुन्हा चढते. ऑटो स्विच असेल किंवा कोणी बटण दाबूनच धरले असेल, तर कॉन्टॅक्टर पुन्हा ओढतो. पॅनेलमधून येणारी ती खटखट रोहित्र लहान पडल्याची खूण असू शकते, आणि ती चालू राहिली तर कॉन्टॅक्टरचे पॉइंट जळतात.

पाचशे केव्हीएच्या, त्याच इम्पीडन्सच्या रोहित्रावर घसरण १४.८ टक्के येते. दहा टक्के कमी लाइनवरही पॅनेलवर ३३० हून थोडे जास्त व्होल्ट राहतात आणि कॉइल सुरक्षित पट्ट्यात असते. डिलिव्हरीची झडप बंद ठेवून सुरू केला तर सेंट्रिफ्युगल पंपाला टॉर्कही बेताचाच लागतो. माझ्या मते या मोटरसाठी ५०० च योग्य. ६३० घेतले तर घसरण १२.६ होते, पण बिनभाराचा लोखंडातला लॉस वर्षभर सोसावा लागतो.

मात्र लाइनची ताकद ५०,००० ऐवजी २०,००० असेल, तर हेच ५०० चे रोहित्र १८ टक्के घसरण देते. पाच टक्के इम्पीडन्सचे १,००० केव्हीए लावले तरी ती १३.६ राहते, आणि त्यातली निम्मी अकरा केव्ही लाइनवरच पडत असल्याने शेजारच्या डीपीवरचे दिवेही मंदावतात. अशा वेळी रोहित्र वाढवण्यापेक्षा स्टार्टर बदलावा. स्टार-डेल्टाने प्रवाह एक तृतीयांश होतो आणि ५०० वरची घसरण सातच्या आत येते. टॉर्कही एक तृतीयांशच उरतो, म्हणून झडप बंद हवीच. टायमर कमी लावून मोटर पुरेशा वेगाला येण्याआधीच डेल्टात टाकली, तर मोठा प्रवाह परत उसळतो आणि तीच १८ टक्के घसरण समोर उभी राहते.

पहिल्यांदा मोटर सुरू करताना किमान व्होल्टेज नोंदवणारे मीटर रोहित्रापाशी आणि मोटरच्या टर्मिनलवर, असे दोन्हीकडे लावावे. रोहित्रापाशीच घसरण हिशेबापेक्षा बरीच जास्त दिसली, तर आधी मोटरचा सुरुवातीचा प्रवाह तपासावा, तो बरोबर असेल तर लाइन सांगितली तेवढी ताकदवान नाही; रोहित्रापाशी ठीक आणि मोटरपाशी कमी असेल, तर केबल आणि तिचे लग तपासावेत.