之 म्हणजे 的 नव्हे: औपचारिक चिनी वाचताना

चिनी शिकणाऱ्यांच्या वहीत हमखास एक ओळ सापडते: ‘之 (जि) = 的’. ही ओळ खोडून टाका. 的 तुम्हाला नीट ठाऊक आहे. तो मराठीतला चा-ची-चे. 之 हेही काम करतो, पण त्याचं दुसरं काम अगदी वेगळं आहे, आणि घोटाळा तिथेच होतो.

कायद्याच्या भाषेत शोभेल असं एक वाक्य घेऊ: 旧法失效之后，新法取而代之。 यात 之 दोनदा आलाय. पहिल्याच्या उजवीकडे 后 आहे, म्हणजे ‘नंतर’. इथे 之 जोडणारा आहे: जुना कायदा रद्द झाल्या‘च्या’ नंतर. दुसऱ्याच्या उजवीकडे पूर्णविराम आहे आणि डावीकडे 代, ‘जागा घेणे’ हे क्रियापद. इथे 之 सर्वनाम आहे, ‘त्याची’, म्हणजे जुन्या कायद्याची. अर्थ झाला: नवा कायदा त्याची जागा घेतो. इथे ‘चा-ची’ लावून बसलात तर कशाची तरी वाट पाहत राहाल आणि पुढे काहीच येणार नाही.

बरेच जण डावीकडे पाहून ठरवायला सांगतात: आधी क्रियापद असलं की सर्वनाम. मला हे पटत नाही. वरच्याच वाक्यात 失效 हे क्रियापद आहे, तरी त्यापुढचा 之 जोडणाराच आहे. 不速之客 म्हणजे न बोलावता आलेला पाहुणा. 速 हेही इथे ‘बोलावणे’ या अर्थाचं क्रियापद. म्हणून आधी उजवीकडे पाहा. नाम, संख्या किंवा 前, 后, 间 यांसारखा शब्द आला तर जोडणारा: 三分之一 म्हणजे तीन भागांपैकी एक. वाक्य संपलं किंवा नवी क्रिया सुरू झाली तर सर्वनाम: 置之不理 म्हणजे ‘त्याला’ बाजूला ठेवून दुर्लक्ष करणे.

या खुणेची मर्यादाही सांगतो. 速度之快，令人吃惊 यात उजवीकडे 快, ‘वेगवान’ हे विशेषण आहे. तरी 之 सर्वनाम नाही. तो कर्ता आणि विशेषण यांच्यामध्ये बसून अख्ख्या विधानाचं नाम करतो. मराठीत ‘वेग इतका, की थक्क व्हावं’ असं म्हटलं की झालं.

者 (जअ) सोपा आहे: 消费者 म्हणजे ग्राहक, आपल्या ‘-णारा’सारखा. फक्त 二者 मध्ये माणसं शोधू नका. ‘त्या दोन्ही गोष्टी’ एवढंच. 以 (यी) नामाआधी आला तर बहुधा ‘ने, घेऊन’; स्वल्पविरामानंतर क्रियापदाला चिकटून आला, जसं 采取措施，以保障安全, तर ‘जेणेकरून’: सुरक्षितता राखली जावी म्हणून उपाय योजणे.