चित्रांची पीडीएफ आणि तिच्यातला अदृश्य मजकूर

जुन्या मराठी पुस्तकाची पीडीएफ उघडून एखादी ओळ निवडायला जावे आणि सबंध पानच निळे व्हावे, किंवा समोर ढळढळीत दिसणारा शब्द शोधात मात्र सापडू नये, हा अनुभव अनेकांना येतो. फाईल बिघडलेली नसते; तिच्यात अक्षरे नसतातच, केवळ पानांची छायाचित्रे असतात. अ‍ॅडोबीने १९९३ साली पीडीएफ आणली ती मजकूर, टंक आणि चित्रे कोणत्याही संगणकावर सारखीच दिसावीत म्हणून. त्या रचनेत पानावर चित्र ठेवता येते आणि ते चित्र पूर्ण पानाएवढे असले तरी तिची हरकत नसते. २००० नंतर ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ प्रकल्पात भारतीय भाषांतील असंख्य पुस्तके स्कॅन झाली, तेव्हा पाने जतन झाली, पण देवनागरी मजकूर ओळखणारी भरवशाची साधने हाताशी नव्हती. इंटरनेट आर्काइव्हवरील कित्येक भारतीय पुस्तकांच्या नोंदीत `language not currently OCRable` असा शेरा दिसत असे, तो याच अडचणीमुळे.

अक्षरओळखीची गाडी पुढे सरकली ती टेसरॅक्टमुळे. ह्यूलेट-पॅकार्डमध्ये १९८५ ते १९९४ या काळात घडलेली ही प्रणाली २००५ मध्ये मुक्तस्रोत झाली. देवनागरीत शिरोरेषा अक्षरांना एकत्र बांधते आणि मात्रा वर-खाली लागतात, त्यामुळे एकेक अक्षर सुटे करून ओळखण्याची पद्धत तिथे अडखळत असे. २०१८ मधील चौथ्या आवृत्तीने सबंध ओळ एकदम वाचणारे न्यूरल जाळे आणले आणि मराठी मजकूर बऱ्यापैकी हाती येऊ लागला.

हाती आलेली फाईल कोणत्या प्रकारची आहे, हे आधी पाहावे.

```
pdffonts pustak.pdf
pdfimages -list pustak.pdf
ocrmypdf -l mar --sidecar pustak.txt pustak.pdf nave.pdf
```

पहिल्या आज्ञेने एकही टंक दाखवला नाही, तर फाईल बहुधा निव्वळ चित्रांची आहे. `GlyphLessFont` दिसला, तर कोणीतरी आधीच टेसरॅक्ट चालवून चित्रामागे अदृश्य मजकूर घातला आहे, असे समजावे. दुसरी आज्ञा चित्रांचे आकारमान सांगते. ए-फोर पान ८.२७ इंच रुंद असते. त्याचे चित्र २४८० बिंदू रुंद असेल तर इंचाला ३०० बिंदू पडतात आणि काम नीट होते, १२४० असेल तर १५०च पडतात आणि मात्रा गळू लागतात. चित्र नंतर मोठे करून ही उणीव भरून निघत नाही. तिसरी आज्ञा मजकुराचा थर घालते आणि तोच मजकूर वेगळ्या फाईलमध्येही देते.

पानावर दिसते ते चित्र आणि शोधात सापडतो तो यंत्राचा तर्क, हा भेद इथे विसरता येत नाही. पान स्वच्छ दिसत असल्यामुळे खालच्या मजकुरातील चूक डोळ्यांना कधीच खुपत नाही, म्हणून वेगळी काढलेली फाईल मूळ चित्राशेजारी ठेवून वाचावी. घ-ध, भ-म, ब-व, ष-प या जोड्या नेहमी फसवतात. पण मराठीत त्याहून नाजूक जागा अनुस्वाराची आहे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकण्याआधीच्या छपाईत ‘तें’ म्हणजे ती एक वस्तू आणि ‘ते’ म्हणजे अनेक पुरुष, असा अर्थभेद त्या टिंबावरच उभा असे. ते टिंब कृष्णधवल स्कॅनमध्ये पुसले जाते, नाहीतर कागदावरचा डागच अनुस्वार होऊन बसतो.

अंकांत १ आणि ९ यांची अदलाबदल सर्वांत त्रासदायक, कारण चुकीचा आकडाही आकडाच दिसतो. समजा, तक्त्यात ११९, ४२ आणि ९६ असून छापील बेरीज २५७ आहे, आणि यंत्राने ११९ चे १९९ केले. मग बेरीज ३३७ येते, म्हणजे फरक ८० चा. ९ आणि १ यांत आठाचे अंतर असल्याने फरक ८, ८० किंवा ८०० निघाला की आधी ही अदलाबदलच शोधावी. बेरीज नसलेल्या तक्त्यात मात्र प्रत्येक आकडा चित्राशी ताडून पाहण्यावाचून सुटका नाही.

चित्र तरी नेहमी खरे असते का? २०१३ मध्ये जर्मनीत डेव्हिड क्रीझेल यांनी झेरॉक्सच्या काही यंत्रांवर बांधकामाचा नकाशा स्कॅन केला, तेव्हा वेगवेगळ्या क्षेत्रफळांच्या तीन खोल्यांवर एकच आकडा उमटला होता. जेबिग-टू या संक्षेपपद्धतीत सारखे वाटणारे ठिपक्यांचे पुंजके एकदाच साठवले जातात. त्यात एका आकड्याच्या जागी दुसरा बसला, तोही ठसठशीत, धूसरपणाचा मागमूस न ठेवता. अक्षरओळखीचा तिथे काही संबंध नव्हता. `pdfimages -list` च्या `enc` रकान्यात `jbig2` दिसले म्हणून फाईल चुकीची ठरत नाही, कारण ही पद्धत काहीही न बदलता साठवणही करू शकते. पण हिशेब, सातबारा किंवा मोजमापे अशा फाईलमधून घ्यायची असतील, तर कागदी मूळ प्रत किंवा दुसरा स्कॅन मिळवून आकडे जुळवावेत.