माफीच्या ईमेलमधला थांबण्याचा हिशेब

गेल्या आठवड्यात एका संकेतस्थळाच्या ॲडमिनला मला माफीचं ईमेल लिहावं लागलं. जुन्या पावसाच्या नोंदींची १,२०० पानं उतरवण्यासाठी मी एक स्क्रिप्ट लावली होती. ईमेलची सुरुवात अशी केली: "काल यूटीसी १८:१० ते १८:५० या वेळात माझ्या स्क्रिप्टकडून तुमच्या सर्व्हरवर सुमारे ३,८४,००० रिक्वेस्ट गेल्या. चूक माझी आहे. स्क्रिप्ट बंद केली आहे. माझा आयपी पत्ता खाली देत आहे." वेळ आणि आयपी दिला की ॲडमिनला आपल्या लॉगमध्ये त्या ओळी लगेच सापडतात आणि हा हल्ला नव्हता हे पडताळता येतं.

१,२०० पानांसाठी पावणेचार लाखांहून जास्त रिक्वेस्ट कशा गेल्या? सर्व्हर क्षणभर दमला आणि त्याने 503, म्हणजे 'आत्ता जमत नाही', असं उत्तर दिलं. उत्तर नकारार्थी आलं की लगेच पुन्हा मागायचं, असं मी लिहून ठेवलं होतं. नकार यायला सेकंदाचा विसावा भाग लागत होता, म्हणून एक प्रोसेस सेकंदाला वीसदा धडकत होती. अशा आठ प्रोसेस चालू होत्या, म्हणजे सेकंदाला १६० धडका, त्याही चाळीस मिनिटं. दमलेल्या सर्व्हरला सावरायला मी उसंतच दिली नाही.

यावरचा उपाय मला फार आवडतो: दर नकारानंतर थांबण्याचा वेळ दुप्पट करायचा. आधी १ सेकंद, मग २, ४, ८, १६, ३२. असे पुन्हा केलेल्या सहा प्रयत्नांनंतरही नकारच आला तर ते पान सोडून द्यायचं.

पण नुसतं दुप्पट करून भागत नाही. आठही प्रोसेसना एकाच क्षणी नकार मिळाला, तर त्या एकाच क्षणी परततील आणि पुन्हा एकदमच आदळतील. म्हणून थांबण्याच्या वेळेत थोडी यादृच्छिकता मिसळायची; n पहिल्या नकाराला ०, पुढच्याला १, असा वाढत जातो:

```python
wait = min(60, 2 ** n)
time.sleep(random.uniform(wait / 2, wait))
```

आता कुणी अडीच सेकंद थांबते, कुणी पावणेचार, आणि गर्दी आपोआप पांगते. १९७०च्या दशकात इथरनेटनेही हीच युक्ती वापरली. एकाच तारेवर दोन यंत्रं एकदम बोलली तर दोघंही यादृच्छिक वेळ थांबत, आणि पुन्हा टक्कर झाली की त्या वेळेची मर्यादा दुप्पट होई.

सर्व्हरने `Retry-After` या हेडरमध्ये स्वतःच वेळ सांगितली असेल, तर आपलं गणित बाजूला ठेवून तेवढंच थांबायचं. अडवलं गेलं की आयपी बदलून पुढे जा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला साफ चुकीचा वाटतो, कारण त्याने सर्व्हरवरचा भार रेसभरही कमी होत नाही.

ईमेल पाठवण्याआधी मी माझ्याच संगणकावर कायम 503 देणारा छोटा सर्व्हर चालवला आणि सुधारलेल्या स्क्रिप्टच्या आठ प्रोसेसना एकेक पान मागायला लावलं. प्रत्येकीचा पहिला प्रयत्न आणि नंतरचे सहा, अशा एकूण ५६ रिक्वेस्ट झाल्या आणि सगळं मिनिटभरात शांत झालं. जुनी स्क्रिप्ट तेवढ्याच वेळात साडेनऊ हजारांवर गेली असती. ईमेलच्या शेवटी हे दोन्ही आकडे लिहिले आणि विचारलं, "यापुढे एकच प्रोसेस, दर दोन सेकंदांना एक रिक्वेस्ट, चालेल का? तुमचं उत्तर येईपर्यंत स्क्रिप्ट बंदच राहील."