बूटस्ट्रॅपने नोंदी वाढत नाहीत

‘बूटस्ट्रॅपने नऊ नोंदींच्या दहा हजार होतात, मग मध्यक अचूक मिळतो ना?’

नाही. संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडली एफ्रन यांनी १९७९ मध्ये मांडलेली ही पद्धत मध्यक सुधारत नाही, तो किती डळमळीत आहे ते सूत्राविना दाखवते.

समजा, दवाखान्यातली प्रतीक्षा मिनिटांत अशी: ४, ६, ७, ९, १२, १५, २१, ३०, ५८. मध्यक १२. प्रत्येक आकडा एका चिठ्ठीवर लिहा आणि त्यांतून नऊदा चिठ्ठी उचला, दरवेळी ती परत टाकून. नव्या नऊंचा मध्यक लिहा. संगणकावर हे दहा हजारदा करून दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के मध्यक वगळा. उरतो ६ ते ३०, चांगलाच रुंद पट्टा. फेऱ्या लाख केल्या तरी तो अरुंद होत नाही. त्यासाठी रुग्णच जास्त हवेत. शिवाय इथला प्रत्येक मध्यक मूळ नऊंपैकीच एक असतो, म्हणून इतक्या कमी नोंदींवर पट्ट्याची टोकं ढोबळच समजावीत.