भिक्षाप्रतिबंधक कायदा, मुंबई (१९५९)

सार्वजनिक ठिकाणी भीक मागणे हा अटकेस पात्र अपराध ठरवणारा, मुंबई राज्याने केलेला कायदा. त्याचे पूर्ण नाव ‘मुंबई भीक मागण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम, १९५९’. पुढे महाराष्ट्रातील जुन्या अधिनियमांच्या नावांतील ‘मुंबई’ हा शब्द बदलला, तेव्हा याचेही नाव बदलले. द्विभाषिक राज्याच्या विभाजनानंतर तो महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांकडे आला आणि १९६० मध्ये केंद्राने तो दिल्लीलाही लागू केला. गोवा, दमण व दीवसाठी १९७२ मध्ये स्वतंत्र कायदा झाला.

या कायद्याचे मूळ कोठे शोधायचे याविषयी अभ्यासकांत एकवाक्यता नाही. एक मत त्याला सरळ इंग्लंडच्या १८२४ च्या भटकेपणाविरोधी कायद्याचे अपत्य मानते. दुसऱ्या मतानुसार त्याची नाळ १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याशी, म्हणजे भटक्यांवर पाळत ठेवण्याच्या धोरणाशी जुळते. दोन्ही मतांना आधार आहे. तथापि कलमांची शब्दरचना ताडून पाहिली असता उगम अधिक जवळचा असावा असे दिसते. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत केवळ भीक मागणे हा गुन्हा नव्हता. ब्रिटिश अमदानीतील १८६९ आणि १८७४ चे भटकेपणाचे कायदे हिंदी भिकाऱ्यांसाठी नव्हते. बंदरांत व छावण्यांत निराधार हिंडणाऱ्या युरोपियनांना आश्रयगृहात ठेवण्यासाठी किंवा मायदेशी पाठवण्यासाठी ते केलेले होते. स्थानिक गरिबांसाठीचे कायदे मुख्यतः दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास येतात. बंगालचा कायदा १९४३ चा, म्हणजे ऐन दुष्काळातला. मुंबई प्रांताचा १९४५ चा. १९५९ च्या कायद्याने त्याचीच जागा घेतली.

बंगालच्या कायद्यातील व्याख्येत, जो माणूस ‘भीक मागून जगत असावा असे वाटावे अशा अवस्थेत वा रीतीने’ सार्वजनिक ठिकाणी हिंडतो किंवा थांबतो, तो भटका, असे म्हटले आहे. मुंबईच्या १९५९ च्या व्याख्येत हेच शब्द जवळपास जसेच्या तसे येतात. त्यांच्या आधी ‘उपजीविकेचे दृश्य साधन नसणे’ ही १८२४ च्या इंग्रजी कायद्यातली अट जोडलेली आहे. जखम किंवा व्यंग दाखवून भीक मागण्याचे पोटकलमही त्याच इंग्रजी कायद्याची आठवण करून देते. यावरून १९५९ चा मसुदा हा दोन जुन्या साच्यांचा सांधा असावा, असे मानणे सयुक्तिक वाटते. गुन्हेगार जमाती कायद्याचा ठसा मात्र शब्दांत फारसा नाही. तो अंमलबजावणीत आहे.

व्याख्येची व्याप्ती मोठी आहे. गाणे, नाच, भविष्यकथन, कसरती किंवा एखादी वस्तू विकायला पुढे करणे या ‘निमित्ताने’ मागितलेली भीकही तीत येते. वासुदेव, नंदीबैलवाले, डोंबारी, पोतराज, बहुरूपी यांचे पिढीजात व्यवसाय आणि सिग्नलवर पेन विकणारे मूल या सर्वांना त्यामुळे एकच नाव मिळते. कायद्याने किंवा पोलीस आयुक्तांसारख्या अधिकाऱ्याने मान्य केलेल्या कारणासाठी पैसे वा अन्न गोळा करणे तेवढे वगळले आहे. खाजगी आवारात शिरून मागणाऱ्याला तेथील रहिवाशाची तक्रार असल्याखेरीज अटक करता येत नाही. रस्त्यावरच्या माणसाला हे संरक्षण नाही.

कार्यपद्धती अशी : पोलीस वॉरंटशिवाय अटक करतात. न्यायदंडाधिकारी संक्षिप्त चौकशी करतो आणि आरोपी भीक मागत होता अशी खात्री पटल्यास त्याला ‘भिकारी’ ठरवणारा निष्कर्ष नोंदवतो. मग वय, चारित्र्य, परिस्थिती आणि परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल पाहून त्याला किमान एक व कमाल तीन वर्षे प्रमाणित संस्थेत, म्हणजे भिक्षेकरी गृहात, ठेवण्याचा आदेश देतो. तो पुन्हा भीक मागणार नाही असे वाटल्यास समज देऊन बंधपत्रावर सोडता येते. गृहातून सुटून पुन्हा सापडलेल्या आणि त्याबद्दल दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्या माणसाला दहा वर्षे स्थानबद्ध ठेवण्याची तरतूद आहे. त्यांतील दोन वर्षांपर्यंतचा काळ न्यायालय कारावासात बदलू शकते. त्याच्यावर सर्वस्वी अवलंबून असलेल्यांनाही डांबून ठेवता येते.

एक उदाहरण घेऊ. गावाकडून कामाला आलेला, अपघातात पाय अधू झालेला मजूर मुंबईत रेल्वे स्थानकाबाहेरच्या पुलाखाली झोपतो. त्याने हात पसरला नाही, तरी कपडे, दाढी आणि जवळ काहीच नसणे एवढ्यावर तो व्याख्येत बसतो. बंधपत्र लिहून द्यायचे तर पत्ता हवा, शक्यतो जामीनही हवा. त्याच्याकडे दोन्ही नाहीत. परिवीक्षा अधिकाऱ्याने चौकशीला जायचे तर कोणाच्या घरी? म्हणजे सुटकेचा जो मार्ग कायद्याने ठेवला, तो ज्याला घर आहे त्यालाच खुला राहतो. याच्याशेजारी भारतीय न्याय संहितेतील चोरीची तरतूद ठेवून पाहावी. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची वस्तू चोरणारा प्रथमच दोषी ठरला आणि त्याने वस्तू किंवा किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा होते. हात पसरणाऱ्याला किमान एक वर्ष आणि चोराला समाजसेवा, या तुलनेचे समाधानकारक उत्तर कायद्याच्या समर्थकांनी दिलेले नाही.

न्यायालयीन विचार हळूहळू बदलत गेला. २००६ मध्ये रामलखन प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने, नाइलाजाने भीक मागणाऱ्याला ‘निकडी’चा बचाव उपलब्ध असल्याचे मानले, कायदा मात्र कायम राहिला. ८ ऑगस्ट २०१८ रोजी हर्ष मंदर व कर्णिका साहनी यांच्या याचिकांवर त्याच न्यायालयाच्या न्या. गीता मित्तल व न्या. सी. हरिशंकर यांच्या खंडपीठाने, भीक मागण्याला गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी दिल्लीपुरत्या रद्द केल्या. समानतेचा आणि जीविताचा हक्क (अनुच्छेद १४ व २१) हा त्याचा पाया होता. दुसऱ्याला भीक मागायला लावणाऱ्याला शिक्षा देणारे कलम ११ न्यायालयाने शाबूत ठेवले, आणि सक्तीच्या भिकेविरुद्ध सरकार अभ्यासपूर्वक नवा कायदा करू शकते असेही म्हटले. २०१९ मध्ये जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने तेथील कायदा रद्द केला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यांवरून भिकाऱ्यांना हटवण्याचा आदेश देण्यास नकार देताना, आपण याकडे अभिजनांच्या नजरेने पाहणार नाही, असे सांगितले.

दिल्लीच्या निकालाने महाराष्ट्रातील कायदा आपोआप रद्द झाला नाही. निरसनाला होणारा मुख्य आक्षेप टोळ्यांचा आहे : कायदा गेला तर मुलांना पळवून भीक मागायला लावणारे मोकाट सुटतील. हा धोका खराच आहे. परंतु भिकेसाठी मुलाचे अपहरण करणे किंवा त्याला अपंग करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १३९ खाली गंभीर गुन्हा आहे, आणि मुलाला भिकेला जुंपणे हे बालन्याय अधिनियमाच्या कलम ७६ खाली दंडनीय आहे. टोळीप्रमुखाला पकडायचे तर मूल साक्षीदार म्हणून हवे. कायद्याने त्याच्या आईलाच आरोपी केले, तर तिच्याकडून पोलिसांना माहिती मिळणे अवघड असते. त्यामुळे कलम ११ सारखी तरतूद ठेवून बाकीची कलमे काढावीत, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

पर्यायी कायद्याचा प्रयत्न केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१६ मध्ये केला. निराधारांचे संरक्षण, देखभाल व पुनर्वसन यांविषयीचे ते आदर्श विधेयक मसुद्यापुढे गेले नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ उपक्रमाने २००६ पासून भिक्षेकरी गृहांत केलेले काम या चर्चेत आधार म्हणून घेतले जाते. रेल्वे अधिनियमाच्या कलम १४४ खाली गाडीत व स्थानकात भीक मागणे हा २०२३ च्या दुरुस्तीपर्यंत वेगळा गुन्हा असल्याने, तोवर राज्याचा कायदा गेला असता तरी पुलाखालचा तो मजूर फलाटावर हात पसरताच पुन्हा दंडनीय ठरू शकला असता.